परतीच्या वाऱ्याचा हिशोब आधी, फेलसेफचे आकडे नंतर

प्रश्न: ७ इंची लाँग रेंज क्वाड बांधलाय. आर्डुकॉप्टर, एक्सप्रेसएलआरएस आणि ६एस२पी लिथियम-आयन पॅक (८००० एमएएच). ४ किमीपर्यंत जायचंय. रेडिओ तुटला किंवा बॅटरी संपत आली तर ड्रोन घरी यावा यासाठी फेलसेफ नेमका कसा सेट करू? सगळे म्हणतात आरटीएल लाव, पण आकडे कुणीच सांगत नाही.

उत्तर:

एक गोष्ट आधी. आपल्याकडे नजरेच्या टप्प्याबाहेर उडवायला वेगळी परवानगी लागते आणि ग्रीन झोनमध्येही कमाल उंची १२० मीटर आहे. ती परवानगी आहे असं धरून पुढचं लिहितो.

"आरटीएल लाव" हा सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. आर्डुकॉप्टरमधला लो बॅटरीचा आकडा स्थिर असतो. ड्रोन घरापासून ३०० मीटरवर आहे की ४ किमीवर, हे तो बघत नाही. त्यामुळे हा आकडा सर्वात लांबच्या ठिकाणावरून, समोरून वारा असताना परत यायला किती लागेल त्यावरून ठरवायचा.

तुमच्याच क्वाडवर हिशोब करू. करंटचे आकडे मी अंदाजाने धरतोय, तुम्ही ते तुमच्या लॉगमधून घ्या. समजा दुपारी वारा पश्चिमेकडून आहे आणि तुम्ही पूर्वेला निघालात. जाताना वारा पाठीशी असल्यामुळे १० मी/से वेगाला ९ अँपिअर पुरतात. ४ किमीला ४०० सेकंद, म्हणजे साधारण १००० एमएएच. स्क्रीनवर अजून ७००० दिसतात आणि भरपूर बॅटरी आहे असं वाटतं.

येताना चित्र बदलतं. आरटीएल जमिनीवरचा वेग टिकवायला बघतो, म्हणून समोरून वारा आला की ड्रोन जास्त झुकतो आणि करंट चढतो. झुकण्याची मर्यादा गाठली की वेगही पडतो. तो ७ मी/से वर आला आणि करंट १६ अँपिअर झाला, तर ४ किमीला ५७० सेकंद लागतात आणि सुमारे २५५० एमएएच जातात. सुरुवातीला वर चढायला शंभरेक. घरावर १०० मीटरवरून उतरायला जवळपास दीड मिनिट लागतं, कारण शेवटचे १० मीटर ड्रोन अर्धा मीटर प्रति सेकंदाने उतरतो. त्याचे आणखी २८० धरा. एकूण ३००० च्या आसपास. त्यावर १००० राखीव ठेवले की लो बॅटरीचा आकडा ४००० येतो, म्हणजे निम्मा पॅक. बहुतेक जण २० टक्क्यांवर सेट करतात. या वाऱ्यात तेवढ्यावर तुमचा ड्रोन अर्ध्या वाटेच्या थोडा पुढे आला की संपेल.

हा ४००० फक्त ४ किमीसाठी खरा आहे. भरात ६ किमीवर गेलात तर तो खोटा ठरतो. म्हणून ४ किमीचं वर्तुळाकार कुंपण लावा, म्हणजे हिशोब ज्या अंतरावर केलाय त्याच्या पलीकडे ड्रोन जाणारच नाही.

```
BATT_CAPACITY    8000
BATT_LOW_MAH     4000
BATT_LOW_VOLT    18.6
BATT_FS_LOW_ACT  2
BATT_CRT_MAH     0
BATT_CRT_VOLT    16.8
BATT_FS_CRT_ACT  1
FS_THR_ENABLE    1
RTL_ALT          10000
FENCE_ENABLE     1
FENCE_TYPE       3
FENCE_RADIUS     4000
FENCE_ALT_MAX    115
FENCE_ACTION     1
```

`RTL_ALT` इथे सेंटीमीटरमध्ये आहे. नव्या आवृत्त्यांत काही नावं आणि एककं बदलली आहेत, त्यामुळे भरण्याआधी तुमच्या यादीत एकक बघून घ्या.

एमएएच आणि व्होल्टेज दोन्ही का? एमएएचची मोजणी दर वेळी पॅक पूर्ण भरलेला आहे असं धरून सुरू होते. अर्धा वापरलेला पॅक लावलात तरी ती ८००० पासूनच मोजते. अशा वेळी व्होल्टेजच वाचवतं. `BATT_ARM_VOLT` साधारण २४.६ ठेवला तर अर्धा पॅक लावून आर्मच होणार नाही, आणि ते सगळ्यात बरं. लिपोचे आकडे इथे वापरू नका. सेलला ३.५ व्होल्टचा नियम लिथियम-आयनला लावला तर पॅकमध्ये भरपूर शिल्लक असताना फेलसेफ लागतो. वर १८.६ म्हणजे सेलला ३.१ आणि १६.८ म्हणजे २.८ धरलंय.

क्रिटिकलची कृती आहे लँड, म्हणजे ड्रोन जिथे असेल तिथेच उतरतो, मग खाली धरण असो की दरी. क्रिटिकलचा आकडा लोच्या जवळ ठेवला तर घरी येत असलेला ड्रोन वाटेतच उतरायला लागतो. म्हणून त्याचा एमएएच मी बंदच ठेवतो आणि व्होल्टेज अगदी तळाला.

आता उंची. `RTL_ALT` घराच्या उंचीपासून मोजतात, खालच्या जमिनीपासून नाही. मूळ सेटिंग १५ मीटर आहे. पायथ्याच्या शेतातून उडालात आणि वाटेत ६० मीटरचा डोंगर असला, तर पलीकडे त्याच्या माथ्याहून खाली उडत असलेला ड्रोन परतताना सरळ त्याच्यावर जाऊन आदळेल. म्हणून ६० वर ४० मीटर मोकळे धरून १००. इथे एक गोष्ट सहज सुटते: कुंपणाची कमाल उंचीही मूळ १०० मीटरच असते, आणि कुंपण चालू असेल तर आरटीएलची उंची त्याच्या आत कापली जाते. तुम्ही १५० भरलेत तरी ड्रोन १०० च्या खालीच राहील. म्हणून `FENCE_ALT_MAX` ११५ केलाय. डोंगर याहून उंच असेल तर ती जागा किंवा दिशा बदला.

रेडिओचं काम तुलनेने सोपं आहे. सिग्नल गेल्यावर रिसीव्हरने पल्स पाठवणं बंद केलं पाहिजे. सीआरएसएफने जोडलेला एक्सप्रेसएलआरएस रिसीव्हर ते करतो. पण एसबस वापरत असाल तर रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये 'शेवटची स्थिती धरून ठेव' निवडलेलं नाही ना, ते बघा. तसं असेल तर लिंक तुटलीय हे फ्लाइट कंट्रोलरला कळतच नाही आणि ड्रोन शेवटच्या स्टिकवर उडत राहतो.

लिंक परत आली तरी ड्रोन आपोआप तुमच्या हातात येत नाही, आरटीएलमध्येच राहतो. ताबा हवा असेल तर मोडचा स्विच दुसऱ्या जागी नेऊन परत आणावा लागतो. हे घरी बसून हाताला सवय होईपर्यंत करा, कारण ऐनवेळी स्विच आधीच लॉइटरवर असतो आणि माणूस नुसता स्टिक हलवत बसतो. लो बॅटरीचा आरटीएलही असाच स्विचने रद्द होतो, आणि रद्द केला की त्याच पातळीवर पुन्हा लागत नाही.

तपासणी आधी सिम्युलेटरमध्ये करा. एसआयटीएलमध्ये ड्रोन लांब नेऊन हे द्या:

```
param set SIM_RC_FAIL 1
```

मोड आरटीएल होतो का, आणि वर किती चढून परततो, ते बघा. मग खऱ्या क्वाडचे प्रोपेलर काढून ट्रान्समीटर बंद करा, मिशन प्लॅनरवर रेडिओ फेलसेफचा संदेश यायला हवा. शेवटी मोकळ्या माळावर दोनेकशे मीटरवर नेऊन ट्रान्समीटर खरोखर बंद करा. बॅटरीसाठी `BATT_LOW_MAH` त्या दिवसापुरता ७००० करा, म्हणजे पॅक जवळपास भरलेला असतानाच फेलसेफ लागेल आणि परतीचा खरा करंट लॉगमध्ये मिळेल. वारा असलेला दिवस निवडा आणि परतीची दिशा वाऱ्याच्या समोर ठेवा. तिथे १६ ऐवजी १९ अँपिअर दिसले तर वरचा सगळा हिशोब पुन्हा करा, आणि ४००० वाढवण्याऐवजी आधी `FENCE_RADIUS` कमी करता येतो का ते बघा.