चार बिंदूंच्या डीएफटीचे व्यस्त: नुसता ट्रान्सपोज का पुरत नाही

प्रश्न: डीएफटीचे मॅट्रिक्स युनिटरी असते असे वर्गात सांगितले. चार बिंदूंसाठी मी ते लिहून त्याच्या ट्रान्सपोजने गुणले, तर एकक मॅट्रिक्स येत नाही, भलत्याच जागी 4 येतात. चूक कुठे होते आहे?

उत्तर: चुका दोन आहेत आणि त्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. एकऐवजी चार येतात, कारण मॅट्रिक्सपुढचा १/२ राहून गेला आहे. आणि ते चार कर्णाबाहेर पडतात, कारण ट्रान्सपोज घेताना संयुग्मी घ्यायचे राहिले आहे. चार बिंदूंसाठी ω = e^(−2πi/4) = −i येतो. ओळी आणि स्तंभ शून्यापासून मोजले, तर j क्रमांकाच्या ओळीत व k क्रमांकाच्या स्तंभात ω^(jk) लिहायचे असते, म्हणून मॅट्रिक्स असे होते:

```
            1    1    1    1
F = (1/2) · 1   -i   -1    i
            1   -1    1   -1
            1    i   -1   -i
```

हे कर्णाभोवती सममित आहे. ओळींचे स्तंभ केले तरी मॅट्रिक्स जसेच्या तसे राहते, आणि तुमची गफलत इथेच झाली असावी. ट्रान्सपोज घेऊन आपण काहीतरी केले असे वाटते, पण प्रत्यक्षात तुम्ही F ला F नेच गुणलेले असते. युनिटरी या शब्दाची अट F*F = I अशी आहे, आणि त्यातला तारा म्हणजे ट्रान्सपोज घेऊन शिवाय प्रत्येक संख्येचे संयुग्मी घेणे. इथे ट्रान्सपोजने काहीच बदलत नसल्यामुळे सगळे काम संयुग्मीवर येते, म्हणजे i च्या जागी −i आणि −i च्या जागी i:

```
             1    1    1    1
F* = (1/2) · 1    i   -1   -i
             1   -1    1   -1
             1   -i   -1    i
```

हेच F चे व्यस्त.

संयुग्मी का लागते, हे एकाच ओळीवर नीट दिसते. १/२ तूर्त बाजूला ठेवा आणि क्रमांक १ ची ओळ घ्या: 1, −i, −1, i. तिला तिनेच गुणून बेरीज केली, तर 1 + (−i)(−i) + 1 + (i)(i) = 1 − 1 + 1 − 1 = 0 येते. ज्या ओळीत एकही शून्य नाही तिची लांबी शून्य निघते, म्हणजे संमिश्र संख्यांसाठी हा गुणाकार लांबी मोजायच्या कामाचा नाही. एका ओळीचे संयुग्मी घेऊन तोच गुणाकार केला, की प्रत्येक पदाला 1 येतो आणि बेरीज 4 होते. उलट बाजूने क्रमांक १ आणि क्रमांक ३ च्या ओळी संयुग्मीशिवाय गुणा: 1 + (−i)(i) + 1 + (i)(−i) = 4. तुम्हाला भलत्या जागी दिसलेले चार ते हेच. संयुग्मी घेतल्यावर हीच बेरीज 1 − 1 + 1 − 1 अशी शून्य होते. उरलेल्या जोड्याही याच रीतीने कटतात, त्या सगळ्या इथे मांडत नाही. लांबीचा वर्ग 4 आहे, म्हणजे लांबी 2, म्हणून पुढे १/२ हवा.

आता संख्यांवर पाहू. x = (3, 1, −1, 5) घेतला, तर Fx = (4, 2+2i, −2, 2−2i). वर्गांची बेरीज दोन्हीकडे करून पाहा: आधी 9 + 1 + 1 + 25 = 36, आणि नंतर 16 + 8 + 4 + 8 = 36. युनिटरी मॅट्रिक्स लांबी बदलत नाही, त्यामुळे हातची आकडेमोड तपासायची ही सर्वांत स्वस्त पद्धत आहे. आता F* ने परत येऊ. क्रमांक १ ची किंमत काढताना 4 + i(2+2i) + 2 − i(2−2i) ही बेरीज 2 येते, तिचे अर्धे 1. तेच मिळायला हवे होते. क्रमांक ३ ला 4 − i(2+2i) + 2 + i(2−2i) = 10, अर्धे 5. मात्र F* ऐवजी पुन्हा F लावला, तर उत्तर (3, 5, −1, 1) येते, म्हणजे क्रमांक १ आणि ३ च्या किमतींची अदलाबदल होते आणि ० व २ जागेवर राहतात. सर्वसाधारणपणे F दोनदा लावल्यास n क्रमांकाचा नमुना −n वर, चारने भागून उरणाऱ्या बाकीच्या जागी, जातो. तीच अदलाबदल आणखी एकदा केली की सगळे मूळ जागी येते, म्हणून F चारदा लावल्यावर एकक मॅट्रिक्स मिळते.

या चुकीने मलाही एकदा फसवले आहे. आम्ही इंदूरचे, शाळा हिंदी माध्यमाची, त्यामुळे मॅट्रिक्स आणि ट्रान्सपोजसाठी आव्यूह आणि परिवर्त हे शब्द तोंडात बसलेले होते, आणि परिवर्तानंतर आणखी काही करायचे असते हे हाताला ठाऊकच नव्हते. घरी तबल्यावर वाजवलेला एक ‘धा’ मी ध्वनिमुद्रित केला होता: सेकंदाला ८००० नमुने, अर्धा सेकंद, म्हणजे ४००० नमुने. तो मॅट्रिक्सने पलीकडे नेऊन नुसत्या ट्रान्सपोजने परत आणला आणि ऐकला, तर थाप कुठेच नव्हती. मंद गुंजन हळूहळू चढत गेले आणि शेवटी खट्कन तुटले. पहिला नमुना सोडून बाकी सगळा आवाज उलटा वाजत होता. गंमत अशी, की त्याआधी मी प्रोग्राम (1, 2, 3, 2) वर तपासला होता आणि तो बिनचूक उतरला होता. उघड आहे, क्रमांक १ आणि ३ ला तिथे सारखीच किंमत असल्याने अदलाबदल दिसणार कशी?

ऑक्टेव्ह या संगणकभाषेत हा फरक एका टिंबाचा आहे. नुसते अवतरणचिन्ह संयुग्मीसह ट्रान्सपोज घेते, आणि त्याच्याआधी टिंब दिले की संयुग्मी वगळते:

```
F = fft(eye(4))/2;
F' * F     % एकक मॅट्रिक्स
F.' * F    % १ आणि ३ ची अदलाबदल
```

पायथनच्या नम्पायमध्ये उलटा प्रकार आहे: तिथे `.T` संयुग्मी घेत नाही, म्हणून `F.conj().T` लिहावे लागते. आणि दोन्हीकडे `fft` पुढे १/२ लावत नाही. सगळी भागणी `ifft` वर टाकलेली असते, त्यामुळे तिथले न भागलेले मॅट्रिक्स W घेतले तर व्यस्त W*/4 येते आणि W स्वतः युनिटरी नसते. नम्पायला `norm="ortho"` सांगितले, की चार बिंदूंसाठी दोन्ही दिशांना १/२ लागतो आणि वर मांडलेले F मिळते.

तपासणीसाठी सममित संख्या घेऊ नका. (0, 1, 0, 0) पुरेसे आहे. पलीकडे नेऊन परत आणल्यावर (0, 0, 0, 1) आले तर संयुग्मी राहिले आहे, (0, 4, 0, 0) आले तर भागाकार राहिला आहे, आणि (0, 0, 0, 4) आले तर तुमच्यासारखे दोन्ही.