मॉड्यूल दिलंय म्हणता, पण दिलं कोणी?

प्रश्न: मी आयटीआयला मशिनिस्ट ट्रेडला आहे. मॉड्यूल ३ आणि दाते २४ दिलेत. स्पर गिअरचा पीसीडी आणि ओडी कसा काढायचा? आणि प्रत्यक्ष कामात हेच सूत्र चालतं का?

पीसीडी = मॉड्यूल × दाते, म्हणजे ३ × २४ = ७२ मिमी.
ओडी = मॉड्यूल × (दाते + २), म्हणजे ३ × २६ = ७८ मिमी.

दोनच का मिळवायचे? पिच सर्कलच्या वर दाता एक मॉड्यूल उंच असतो, आणि व्यास मोजताना ती उंची दोन्ही टोकांना येते. परीक्षेसाठी एवढं पुरे.

कामात सूत्र चालतं. अडतं ते मॉड्यूलपाशी. तुम्हाला पेपरात मॉड्यूल छापून मिळतं, वर्कशॉपमध्ये मिळतो तो फडक्यात गुंडाळलेला तुटका गिअर. त्याचं मॉड्यूल तुम्हालाच काढायचं असतं आणि तिथेच भलेभले शिकलेले लोक ठेच खातात. असा एक साहेब मला भेटला होता. त्याचं नाव घेत नाही, पण त्या वादाचा निकाल आज इथे लावून टाकतो.

मी तेव्हा कोल्हापुरात उद्यमनगरात एका जॉब शॉपमध्ये मिलिंगवर होतो. एका कारखान्यातून जुन्या इंग्लिश बनावटीच्या लेथचा, फीड गिअरबॉक्समधला गिअर आला. दाते ३८, त्यातले तीन-चार उडालेले, बाकीचे बरे. ३८ ही सम संख्या असल्यामुळे एका दात्याच्या बरोबर समोर दुसरा दाता येतो आणि व्हर्नियर सरळ लावता येतो. (विषम दाते असले की समोर खाच येते आणि माप कमी दाखवतं. तेव्हा बोअरच्या भिंतीपासून दात्याच्या टोकापर्यंतचं अंतर घ्या, दुप्पट करा आणि त्यात बोअरचा व्यास मिळवा. हे अजून शिकवलं नसेल तर वहीत लिहून ठेवा.)

ओडी भरला १०१.५. आता तुमचंच सूत्र उलटं फिरवा. १०१.५ भागिले ४०, म्हणजे २.५३७५. असं मॉड्यूल कुठल्याच तक्त्यात नाही. तक्त्यात २.५ आहे, त्यानंतर २.७५.

गिअरसोबत कारखान्याचा मेंटेनन्स इंजिनिअर आला होता. त्याने आकडा पाहिला आणि लगेच म्हणाला, "अडीच मॉड्यूल. झिजलाय म्हणून पॉइंटमध्ये फरक येतोय. ओडी शंभर धरा."

मी म्हटलं, "साहेब, झिजल्यावर गिअर लहान होतो. हा शंभरचा होता आणि झिजून एकशे दीड झाला, असं कसं?"

तो हसला. मालकही हसले, पण त्यांचं हसू गिऱ्हाइकाला सांभाळण्यापुरतं होतं.

मी सांगत होतो की हा मॉड्यूलचा गिअरच नाही, डीपीचा आहे. जुनी इंग्लिश आणि अमेरिकन मशिनं इंचात बनलेली. त्यांच्यात मॉड्यूल नसतं, डायमेट्रल पिच असतो, म्हणजे पीसीडीच्या दर इंचाला किती दाते. पीसीडी इंचात हवा असेल तर दात्यांना डीपीने भागायचं, ओडी हवा असेल तर दात्यांत दोन मिळवून भागायचं. डीपीवरून मॉड्यूल काढायला २५.४ ला डीपीने भागा. १० डीपी म्हणजे २.५४. आता ३८ अधिक दोन चाळीस, भागिले दहा, बरोबर चार इंच, म्हणजे १०१.६ मिमी. आमच्या हातातला गिअर १०१.५ चा. एक दशांश झीज, एवढंच. सगळं जुळत होतं.

साहेबाचं उत्तर ठरलेलं होतं. डीपी आता कोणी वापरत नाही, तक्त्यात बघा. तक्त्यात बघून मशिन बनवलं असतं तर गोष्ट वेगळी, पण ते मशिन त्या तक्त्याच्या आधीचं होतं!

मी आणखी एक गोष्ट सुचवली. गिअरबॉक्स उघडाच आहे, तर दोन शाफ्टमधलं अंतर मोजून आणा. शाफ्टच्या बाहेरून बाहेरपर्यंत माप घ्यायचं आणि दोन्ही शाफ्टच्या व्यासांची निम्मी बेरीज वजा करायची. त्यांच्या फिटरने माप आणलं. शाफ्ट दोन्ही २५.४, बाहेरून १५२.४, म्हणजे मध्यांतर १२७. जोडीच्या गिअरला ६२ दाते. दोन्ही मिळून शंभर. १० डीपीचे शंभर दाते म्हणजे दोन पीसीडींची बेरीज दहा इंच, मध्यांतर तिच्या निम्मं, पाच इंच, म्हणजे बरोबर १२७ मिमी. अडीच मॉड्यूल असतं तर मध्यांतर १२५ यायला हवं होतं. शाफ्ट एक इंची आणि अंतर पाच इंच, यापेक्षा मशिनने आणखी काय सांगायचं?

पण ड्रॉइंग तयार होतं, त्यावर साहेबाची सही होती आणि मालक म्हणाले, "त्यांना हवं ते करून दे, सही त्यांची आहे." ब्लँक शंभरला टर्न केला, अडीच मॉड्यूलच्या कटरने ३८ दाते पाडले. ३८ चं इंडेक्सिंग सोपं, एक पूर्ण फेरा आणि १९ च्या सर्कलवर एक भोक. काम स्वच्छ झालं होतं, ते मी आजही छातीठोक सांगेन.

आता यातली फसवी गोष्ट नीट समजून घ्या. तो गिअर बसला. हाताने फिरवून पाहिला तर फिरलाही. कारण अडीच मॉड्यूलचा पीसीडी येतो ९५ आणि मूळ पीसीडी होता ९६.५२. म्हणजे नवा गिअर जोडीदारापासून पाऊण मिलिमीटर लांब राहिला. तेवढी ढील असल्यावर चुकीचा गिअरही हाताला मोकळाच लागतो, आणि माणसाला वाटतं झकास बसला. पण दात्यापासून दात्यापर्यंतचं अंतर, सर्क्युलर पिच, पाय गुणिले मॉड्यूल असतो. एकाचा ७.८५, दुसऱ्याचा ७.९८. एक दाता सुटण्याआधी दुसऱ्याने भार घ्यायचा असतो, तो इथे वेळेवर घेतच नाही. भार आला की दात्याचं टोक समोरच्याच्या अंगावर आपटतं. आधी आवाज येतो, मग टोकाजवळ चकचकीत पट्टा दिसतो, मग कपचे उडतात. जोडीवर निळं लावून फिरवलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. खूण दात्याच्या मधल्या भागावर न येता टोकाशी एका रेघेत आली असती.

झालं तसंच. गिअर ओरडायला लागला आणि काही दिवसांत ६२ दात्यांच्या बिडाच्या गिअरचे दाते उडाले. आणि दोष कोणाला? "कटिंग बरोबर नव्हतं." मालकांनी बिलातले पैसे सोडले. माझ्याबद्दल काय बोलणं झालं ते मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं.

शेवटी दोन्ही गिअर १० डीपीत केले आणि गिअरबॉक्स चालला. साहेबाने त्याबद्दल अक्षर काढलं नाही.

आता त्याच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. त्याला तो तेव्हा सुचला नव्हता, पण कुणी ना कुणी कमेंटमध्ये काढणारच, म्हणून मीच काढतो. ओडी सूत्रापेक्षा मोठा येण्याचं दुसरं कारण असू शकतं, ते म्हणजे करेक्शन. कटर मुद्दाम थोडा बाहेर ठेवून दाते पाडले की पीसीडी तोच राहतो आणि ओडी वाढतो. कमी दात्यांच्या पिनियनला बुडाशी कट येऊ नये म्हणून हे नेहमी करतात. २० अंश प्रेशर अँगलच्या दात्यात १७ दात्यांच्या खाली हा त्रास सुरू होतो. अडीच मॉड्यूलच्या ३८ दाती गिअरला ०.३ करेक्शन दिलं तर ओडी नेमका १०१.५ येतो. जोडीदारालाही करेक्शन असेल तर मध्यांतरही १२५ च्या पुढे सरकतं. म्हणजे नुसत्या ओडीवरून भांडलो असतो तर निकाल लागलाच नसता.

तो लागतो साध्या व्हर्नियरने. तीन दाते जबड्यात धरून माप घ्या, मग चार दाते धरून घ्या आणि वजाबाकी करा. ही वजाबाकी म्हणजे बेस पिच. करेक्शनने ती बदलत नाही आणि दोन्ही मापांतली झीज जवळपास सारखी असल्याने तीही कटून जाते. अडीच मॉड्यूल, २० अंश असेल तर ७.३८ येते. १० डीपी आणि जुना साडेचौदा अंशांचा दाता असेल तर ७.७३. त्या तुटक्या गिअरवर मला ७.७२ मिळाली होती आणि ती जॉब कार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहिलेली होती. कार्डाची मागची बाजू कोणी वाचत नाही. त्यामुळे तुम्ही असलं काही लिहाल तर पुढच्या बाजूला, पेनाने लिहा आणि खाली गिऱ्हाइकाची सही घ्या.

ही वजाबाकी अंशही सांगते, हे विसरू नका. १० डीपीचा कटर आणला पण तो २० अंशांचा निघाला, तरी जुन्या साडेचौदाच्या जोडीदाराशी तो नीट चालणार नाही. आम्ही दोन्ही गिअर नवे केले ते काही अंशी यासाठीच.

तुमच्या ३ मॉड्यूल, २४ दात्यांकडे येतो. कटरची खोली २.२५ मॉड्यूल धरा, ६.७५ मिमी. ब्लँक ७८ पेक्षा मोठा नको, पाच-दहा शतांश कमी चालेल, कारण काम पीसीडीवर चालतं, ओडीचं टोक हवेतच असतं. पण एक लक्षात ठेवा. मिलिंगवर कटर ब्लँकला टेकवून तिथून आपण खोली मोजतो. ब्लँक ७८ ऐवजी ७७.८ झाला असेल आणि तुम्ही तरीही पुरे ६.७५ उतरलात, तर दाता पातळ होतो. व्यासात जितकं कमी, त्याच्या निम्मं खोलीतून कमी करायचं. इथे ६.६५ वर थांबा. आणि गिअर आर्बरवरून काढण्याआधी तीन दात्यांवर माप घ्या. २० अंशांच्या दात्याला ते २३.१५ मिमी असतं, बॅकलॅशसाठी त्याहून किंचित कमी ठेवतात. जास्त भरलं तर अजून खोली उरली आहे.