शेती करमुक्त, १२ लाखांपर्यंत कर नाही, मग हा कर कुठून आला?

प्रश्न: जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. २०२५-२६ चा एकूण पगार १२,५०,००० रुपये. घरची सहा एकर शेती माझ्या नावावर, कापूस अन् तूर मिळून ३,२०,००० चा माल विकला. नवीन करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर नाही, शेतीला माफी आहे म्हणतात, तरी रिटर्न भरताना २९,३८० रुपये कर दाखवतोय, व्याज वेगळं. एक्झम्प्शन, डिडक्शन, रिबेट हे तिन्ही म्हणजे सूटच ना?

उत्तर: सर, गोंधळ त्या ‘सूट’ शब्दातच आहे. आपण तिन्हींना सूट म्हणतो, पण हिशेबात त्यांच्या जागा वेगळ्या आहेत. दारव्ह्यात मी बरीच वर्षं पगारदारांची रिटर्न भरतो आणि शेती असलेल्या प्रत्येक शिक्षकाला हे कागदावर मांडूनच दाखवतो. तुमचेच आकडे घेतो.

एक्झम्प्शन म्हणजे करमुक्त उत्पन्न. ते एकूण उत्पन्नात धरलंच जात नाही. शेतीचं उत्पन्न कलम १०(१) खाली असं बाहेर राहतं. डिडक्शन म्हणजे वजावट. उत्पन्न धरलं जातं, मग त्यातून रक्कम वजा होते. नवीन प्रणालीत पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून तुमचे १२,५०,००० चे ११,७५,००० झाले. रिबेट अगदी शेवटी येतो, आणि तो उत्पन्नातून नाही, तर निघालेल्या करातून वजा होतो. कलम 87A प्रमाणे एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर जास्तीत जास्त ६०,००० रुपये कर माफ. ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ याचा अर्थ एवढाच आहे. कर लागतो, पण ६०,००० पर्यंतचा माफ होतो. फक्त पगार असता तर तुमचा कर ५७,५०० निघाला असता आणि सगळा रिबेटमध्ये गेला असता.

आता शेती. ती करमुक्त आहे, पण पगाराला कोणता दर लागायचा ते ठरवताना तिच्याकडे पाहिलं जातं. शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० च्या वर आणि बाकीचं उत्पन्न मूळ मर्यादेच्या, म्हणजे नवीन प्रणालीत ४ लाखांच्या वर असेल, तर कर दोनदा काढतात. आधी पगार आणि शेती एकत्र करून. मग ४ लाख आणि शेती एकत्र करून. पहिल्यातून दुसरा वजा करायचा. शेतीवर थेट कर बसत नाही, पण पगाराचा वरचा भाग चढ्या दरात ढकलला जातो.

तुमच्या २९,३८० मध्ये मात्र एक चूक दिसते. तुम्ही विक्रीचे ३,२०,००० तसेच टाकलेत. बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणीची मजुरी, मालाचं गाडीभाडं हे काहीच वजा केलं नाही. मी उलटा हिशेब करून पाहिला, बरोबर हाच आकडा येतो. शेतीचं उत्पन्न म्हणजे खर्च जाऊन उरलेलं. सहा एकराला समजा १,२०,००० खर्च आला, तर उत्पन्न २,००,०००.

मग ११,७५,००० अधिक २,००,००० म्हणजे १३,७५,००० वर कर येतो ८६,२५०. चार लाख अधिक दोन लाख, म्हणजे सहा लाखांवर येतो १०,०००. फरक ७६,२५०. शेती एकूण उत्पन्नात नाही, त्यामुळे तुमचं एकूण उत्पन्न अजूनही ११,७५,००० च आहे आणि रिबेट मिळतो, पण त्याची कमाल मर्यादा ६०,००० आहे. वरचे १६,२५० भरावेच लागतात. त्यावर ४ टक्के उपकर, एकूण १६,९००. खर्चाचा रकाना रिकामा ठेवल्याने १२,४८० रुपये जास्त दिसत होते.

फॉर्म ITR-2 घ्या, कारण शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर गेलं की ITR-1 चालत नाही. त्यातल्या ‘Schedule EI’ मध्ये शेतीची एकूण आवक आणि शेतीचा खर्च यांचे वेगळे रकाने आहेत. मग ‘Part B-TTI’ उघडा. तिथे ‘Rebate on agricultural income’ अशी एक ओळ आहे आणि खाली ‘Rebate u/s 87A’ ही दुसरी. दोन्हींत रिबेट शब्द आहे, म्हणून लोक फसतात. पहिली ओळ म्हणजे तो दुसऱ्यांदा काढलेला १०,००० चा कर, दुसरी म्हणजे खरा रिबेट. पहिल्या ओळीत १०,००० आणि दुसरीत ६०,००० दिसले की आकडे बरोबर बसले समजा.

कपाशीचे पैसे ‘इतर स्रोत’ या रकान्यात जाऊ देऊ नका. माझ्या धाकट्या भावाचं रिटर्न एका ऑनलाइन सेंटरवर असंच भरलं गेलं होतं आणि सुधारित रिटर्न भरून ते दुरुस्त करावं लागलं. तुमच्या बाबतीत तसं झालं तर उत्पन्न १३,७५,००० धरलं जाईल, रिबेट पूर्ण जाईल आणि कर ८९,७०० निघेल. दुधाचं मात्र उलट आहे. म्हशीच्या दुधाचा पैसा शेतीत बसत नाही, तो करपात्र आहे. वावर मक्त्याने दिलं असेल तर तो मक्ता शेतीचंच उत्पन्न.

खर्चाला कागद हवा. कृषी सेवा केंद्राची बिलं, काटापट्टी, पीकपेरा असलेला सातबारा आणि वेचणीच्या मजुरीची वही, एवढं एका पिशवीत ठेवा. रिटर्नला काही जोडायचं नसतं, पण विचारणा आली तर हेच दाखवावं लागतं.

व्याज लागतंय कारण शाळेकडून फक्त पगाराचा हिशेब होतो, त्यांना शेती माहीत नसते, म्हणून टीडीएस कापला जात नाही. उरलेला कर १०,००० किंवा जास्त असेल तर तो आगाऊ भरायचा असतो. नाही भरला तर एप्रिलपासून महिन्याला १ टक्का व्याज. कापूस फेब्रुवारीपर्यंत बहुतेक विकून होतो, तेव्हा पुढच्या वर्षी १५ मार्चच्या आत हिशेब करून आगाऊ कर भरून टाका. जुनी प्रणाली तुमच्यासाठी उपयोगाची नाही. 80C चे दीड लाख पूर्ण घेतले तरी, गृहकर्ज किंवा मोठं घरभाडं नसेल तर, कर लाखाच्या वर जातो.

एक गोष्ट मात्र पाहाच. तुमची सेवा एनपीएसमध्ये असेल तर शासनाचा हिस्सा त्या १२,५०,००० मध्ये धरलाय का, ते फॉर्म १६ मध्ये बघा. धरला असेल तर तो 80CCD(2) खाली नवीन प्रणालीतही वजा होतो, मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत. ही वजावट राहून गेलेली मी अनेकांच्या रिटर्नमध्ये पाहिली आहे. तुमच्या आकड्यांत ही वजावट १,०८,३४० झाली की एकूण उत्पन्न १०,६६,६६० वर येतं आणि पहिल्या हिशेबातला कर ६९,९९९ होतो. त्यातून १०,००० गेले की ५९,९९९, आणि ते सगळे रिबेटमध्ये बसतात. मग दोन लाखांची शेती दाखवूनही तुम्हाला एक रुपया भरावा लागत नाही. हिस्सा १२,५०,००० मध्ये धरलेलाच नसेल, तर आधी तो पगारात मिळवावा लागेल आणि मग वजा होईल, म्हणजे १६,९०० चा आकडा तसाच राहील.