शालेय कबड्डी संघासाठी टॅली शीट: काय नोंदवावे आणि मुलांना काय सांगावे

प्रश्न: मी माध्यमिक शाळेत कबड्डीचा संघ सांभाळतो. सामन्यात टॅली शीटवर आकडे नोंदवून त्यावरून मुलांना डावपेचांच्या दृष्टीने उपयोगी पडेल असे काही सांगता येते का? नेमके काय नोंदवावे?

उत्तर: सांगता येते. मात्र त्यासाठी गुण मोजू नयेत, ते काम गुणलेखक करतोच. आपण चढाया मोजाव्यात आणि प्रत्येक चढाईच्या वेळी समोर किती गडी होते तेही टिपावे. कबड्डीत एकच कृती सात बचावपटूंसमोर शहाणपणाची आणि तिघांसमोर आततायी ठरू शकते. सामन्याच्या शेवटी दिसणाऱ्या एकूण आकड्यात हा फरक पुसला जातो.

एका चढाईला जास्तीत जास्त 30 सेकंद मिळतात. त्यामुळे 15 मिनिटांच्या पूर्वार्धात दोन्ही संघांच्या मिळून तीस-चाळीस चढाया होतात आणि दोन मुले त्या सहज टिपू शकतात. एकाने पाहून बोलायचे आणि दुसऱ्याने मान वर न करता लिहायचे. हे काम राखीव खेळाडूंना द्यावे. बाद होऊन बाहेर बसलेल्याला देऊ नये, कारण त्याचे लक्ष आपण कधी उठतो याकडे असते आणि तो उठला की नोंद अर्धवट राहते.

पहिला कागद आपल्या चढायांचा असावा. डावीकडे चढाईपटूंची नावे लिहावीत आणि पुढे तीनच रकाने आखावेत: समोर सहा-सात गडी, चार-पाच गडी, तीन किंवा कमी. ही विभागणी मनाने केलेली नाही. समोर किमान सहा गडी असतील तरच बोनस मिळतो आणि तीन किंवा कमी असताना पकड झाली तर, अव्वल पकडीचा नियम लागू असलेल्या स्पर्धेत, प्रतिस्पर्ध्याला एक जादा गुण मिळतो. रकान्यात गडी टिपल्यास उभी रेघ, बोनसला ‘ब’, रिकाम्या चढाईला शून्य आणि पकड झाल्यास फुली, एवढ्या चार खुणा पुरतात. पाचवी खूण वाढवली की लिहिणारा विचार करू लागतो आणि तेवढ्यात पुढची चढाई निघून जाते.

आता हा कागद कसा वाचायचा ते पाहू. समजा, मुख्य चढाईपटूने सामन्यात 16 चढाया केल्या, त्यात सहा गडी टिपले, एक बोनस घेतला, पाच वेळा तो रिकामा परतला आणि चार वेळा पकडला गेला. नुसते हे आकडे पाहिले तर मुलगा चांगला खेळला असेच कोणीही म्हणेल. रकान्यांत मात्र वेगळे चित्र दिसते. सहा-सात जणांसमोरच्या सात चढायांत त्याची एकदाही पकड झालेली नाही, चार-पाच जणांसमोर चार चढायांत एकदा झाली आणि तीन किंवा कमी गडी उरले असताना पाच चढायांत तीनदा झाली. म्हणजे लोण दिसू लागला की तो घाई करतो. त्या तीन पकडींतून प्रतिस्पर्ध्याला सहा गुण मिळू शकतात, शिवाय प्रत्येक पकडीला त्यांचा एकेक गडी उठतो आणि लोण लांबतो तो वेगळाच.

अशा मुलाला ‘घाई करू नकोस’ म्हणून काही साधत नाही, कारण मग काय करायचे हे त्याला कळत नाही. त्याऐवजी असे सांगावे: ‘समोर तीन गडी उरले की निदान रेषा ओलांडायची आणि परत यायचे, गडी आपला बचाव टिपेल.’ उरलेल्या त्या तिघांपैकीच कोणाला तरी आपल्या भरलेल्या अंगणात चढाईला यावे लागते आणि तिथे पकड करणे आपल्याला अधिक सोपे असते. सलग दोन रिकाम्या चढायांनंतर तिसऱ्या चढाईत गुण आणणे सक्तीचे असेल, तर ती तिसरी चढाई कोणी करायची हेही त्याच वेळी ठरवून टाकावे.

दुसरा कागद बचावाचा. त्यावर अंगणाची आकृती काढून डावा कोपरा, उजवा कोपरा, कव्हर अशा जागा दाखवाव्यात आणि प्रत्येक प्रयत्नात पहिला हात कोणी घातला त्याच्याच जागी खूण करावी, यश आले तर रेघ, नाहीतर फुली. डावे-उजवे नेहमी आपला संघ मध्यरेषेकडे तोंड करून उभा असताना जे असेल ते धरावे. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, तेव्हा समोरून पाहणाऱ्याचा हमखास गोंधळ होतो, म्हणून उत्तरार्धासाठी नवा कागद घ्यावा.

या कागदावर एक बारीक खूण मात्र मी आवर्जून करून घेतो. चढाईपटूने निदान रेषा ओलांडण्याआधीच आपल्या गड्याने हात घातला असेल, तर खुणेशेजारी एक टिंब. कोणालाही न शिवता आणि ती रेषा न ओलांडता परतणारा चढाईपटू नियमाने बादच होतो. त्यामुळे रेषेच्या अलीकडे त्याच्यावर झेप घेणे म्हणजे त्याला आयता गुण देणे होय. उजव्या कोपऱ्यावर सात प्रयत्नांत पाच फुल्या दिसल्या तर पहिला विचार मुलगा बदलण्याचा येतो, पण त्या पाचपैकी चार फुल्यांशेजारी टिंब असेल तर त्याच्या पकडीत दोष नाही, तो लवकर निघतो एवढेच. जागा बदलण्याऐवजी ‘त्याने रेषा ओलांडेपर्यंत जागेवर थांब’ ही एक सूचना पुरेशी होते. टिंबे नसतील आणि तरीही फुल्या असतील, तर शेजारचा कव्हर मदतीला वेळेवर पोहोचतो का, हे पुढच्या सामन्यात स्वतः पाहावे. तेवढे बारकावे या कागदात मावत नाहीत.

नोंद विश्वासार्ह आहे की नाही हे तपासणे सोपे आहे. आपले टिपलेले गडी, बोनस आणि पकडी यांच्या बेरजेत प्रत्येक लोणाचे दोन गुण, अव्वल पकडीचे जादा गुण आणि पंचांनी दिलेले तांत्रिक गुण मिळवले की गुणलेखकाच्या आकड्याच्या जवळ पोहोचायला हवे. एक-दोन गुणांचा फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर त्या कागदावरून कोणाला काही सांगू नये. शिवलेला गडी पंचांनी मान्य केला नसेल तर आपल्या मुलांचे मत काहीही असो, शून्यच लिहावे.

मध्यंतराच्या पाच मिनिटांत चढाईपटूंना एक आणि बचावाला एक, याहून जास्त सूचना मुलांच्या डोक्यात राहत नाहीत. टक्केवारी तर सांगूच नये. कागदही मुलांच्या हाती देऊ नये, कारण ती आधी एकमेकांच्या फुल्या मोजतात.

एका सामन्यातले पाच-सात प्रयत्न हा केवळ संशय असतो. तोच नमुना वेगवेगळ्या ताकदीच्या संघांविरुद्ध तीन-चार सामन्यांत दिसला, तरच संघरचना बदलावी. रिकाम्या चढाईलाही सरसकट दोष समजू नये. आघाडीवर असताना शेवटच्या दोन-तीन मिनिटांत शून्यांची रांग लागली असेल, तर बहुधा कर्णधार नीट खेळवतो आहे. त्या शून्यांना वेगळे ओळखता यावे म्हणून शेवटची तीन मिनिटे उरली की लिहिणाऱ्याच्या हातात दुसऱ्या रंगाचे पेन द्यावे.