संशयास्पद वाटणाऱ्या रिक्रूटरला उत्तर कसे लिहावे?

प्रश्न: एका रिक्रूटरचा ईमेल आला आहे. मुलाखत न घेताच दुप्पट पगाराची नोकरी देतो म्हणतात. संधी खरी असेल तर घालवायची नाही, पण फसायचेही नाही. उत्तर काय लिहू?

उत्तर: उत्तर जरूर लिहा, मात्र त्यांच्याकडे कागद मागू नका. ओळखपत्राचा फोटो किंवा शिक्क्याचे ऑफर लेटर कोणीही बनवून पाठवू शकतो. ज्याची खात्री तुम्हाला त्यांच्या मदतीशिवाय, दुसरीकडून करून घेता येईल, असाच तपशील मागा. मी असे लिहीन:

> नमस्कार,
> आपला प्रस्ताव मिळाला, आभारी आहे. पुढे जाण्यापूर्वी कृपया या पदाचा जॉब आयडी, संबंधित विभाग व व्यवस्थापकांचे नाव, तसेच आपण कंपनीचे कर्मचारी आहात की एजन्सीतर्फे काम पाहता, हे कळवावे. एजन्सी असल्यास तिचे नोंदणीकृत नावही द्यावे. हे उत्तर अधिकृत ईमेल पत्त्यावरून मिळाल्यास सोयीचे होईल. कंपनीच्या मुख्य क्रमांकावर फोन करून मी याची खात्री करून घेईन. तोपर्यंत ओळखपत्रे व बँकेचा तपशील पाठवणे मला शक्य नाही, हे आपण समजून घ्याल अशी आशा आहे.
> आपला नम्र,

हे पाठवण्याआधी एक गोष्ट नक्की पाहा. मला आलेल्या अशाच एका ईमेलमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता बिनचूक दिसत होता, पण Reply दाबल्यावर To च्या रकान्यात भलताच, फुकटच्या मेलसेवेचा पत्ता आला, कारण त्यांनी Reply-To वेगळा ठेवला होता. पत्ता वाचताना @ नंतरच्या भागाचा शेवट पाहावा: `careers.example.com` हा `example.com` च्या मालकाचाच असतो, परंतु `example-careers.com` कोणीही विकत घेऊ शकतो.

उत्तर आल्यावर त्यातल्या लिंकवर जाऊ नका. कंपनीचे संकेतस्थळ स्वतः शोधून उघडा, तिथे तो जॉब आयडी पाहा आणि तिथल्याच क्रमांकावर फोन करून मनुष्यबळ विभागाला विचारा. पत्ता अस्सल असला तरी फोन टाळू नये, कारण कर्मचाऱ्याची मेलपेटीही चोरीला जाऊ शकते.

एक अडचण प्रामाणिक रिक्रूटरचीही असते: एजन्सीला कधी कधी कंपनीचे नाव सुरुवातीला सांगता येत नाही, आणि काही पदे संकेतस्थळावर टाकलेलीच नसतात. म्हणून एवढ्यावरून कोणाला खोटे ठरवू नका. अशा वेळी एजन्सीचीच वरच्या पद्धतीने खात्री करा आणि कंपनीचे नाव कळेपर्यंत कागदपत्रे रोखून ठेवा. पण प्रश्नांना बगल देऊन “आजच होकार द्या” असा तगादा सुरू झाला, किंवा लॅपटॉपसाठी चेक पाठवतो, तो वटवून उरलेली रक्कम आमच्या विक्रेत्याला द्या, असे सांगितले, तर पत्रव्यवहार तिथेच थांबवा. असा चेक खात्यात जमा दिसला तरी काही दिवसांनी तो परत येतो आणि विक्रेत्याला दिलेले पैसे तुमच्या खिशातून गेलेले असतात.