‘नाही बघितलं’ आणि पिवळा डंपर

प्रश्न: माझी मुलगी साडेचार वर्षांची. वर्षभरापूर्वी ‘माझ्या पलंगाखाली हत्ती आहे’ असल्या थापा मारायची, आता डोळ्यांत डोळे घालून ‘मी नाही केलं’ म्हणते. तेरा वर्षांचा भाचा तर खोटं बोलताना पुरावेसुद्धा तयार ठेवतो. वयाप्रमाणे हे असं का बदलत जातं? आणि काय करावं?

हत्तीला आधी बाजूला काढा, ते खोटं नव्हतंच. तिला तुम्हाला फसवायचं नव्हतं, पलंगाखाली हत्ती हवा होता एवढंच. त्या वयात हवं असलेलं आणि घडलेलं यांच्यातली भिंत पातळ असते, आणि समोरच्याला वेगळं काही माहीत असू शकतं हेच डोक्यात पक्कं बसलेलं नसतं. गंमत म्हणजे लहान मुलांना स्वतःला विचारलं, तर जितकी थाप मोठी तितकं पाप मोठं असं ती सांगतात. मानसशास्त्रज्ञ पियाजेने 1932 च्या त्याच्या पुस्तकात याची नोंद केली आहे. ‘गाईएवढा कुत्रा बघितला’ म्हणणारा मुलगा लहानांना जास्त खोटारडा वाटतो. शाळेत शाबासकी मिळाली असं आईला खोटंच सांगणारा त्यांना कमी वाईट वाटतो, कारण शाबासकी मिळूही शकते, गाईएवढा कुत्रा नसतोच! मोठ्यांचा न्याय बरोबर उलटा.

आता ‘मी नाही केलं’. इथे मला आमच्या घरचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा होता. वाढदिवसाचा खोका कागदात गुंडाळून टेबलावर ठेवला होता. ‘संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही’ असं बजावून मी फोनवर बोलायला आतल्या खोलीत गेले. दार उघडं होतं आणि समोरच्या आरशात टेबल दिसत होतं. साहेबांनी मिनिटभर हात पाठीमागे बांधून ठेवले. मग खुर्चीवर चढून कागदाचा एक कोपरा सोडवला, आत डोकावलं, कोपरा पुन्हा खाली दाबला आणि खाली उतरून परत हात पाठीमागे.

मी बाहेर येऊन विचारलं, ‘उघडून बघितलंस का रे?’
‘नाही.’ चेहरा असा, की कुणीही विश्वास ठेवावा.
‘बरं. काय असेल आत?’
‘डंपर! पिवळा! त्याचं मागचं वर होतं!’

मला हसू आवरेना. माझा मोठा भाऊ तिथेच बसला होता, त्याला मात्र यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. ‘आत्ताच ठेचलं नाहीस तर उद्या डोक्यावर बसेल,’ म्हणाला, आणि वाढदिवसाच्या दिवशी पोराला कोपऱ्यात उभं केलं. मी मध्ये पडले नाही, याची बोच अजून आहे. आमच्यातला वाद तिथे सुरू झाला, तो बारा वर्षं चालू आहे.

मी मुलांच्या समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे हा प्रसंग मला पाठ होता. 1989 मध्ये मानसशास्त्रज्ञ मायकेल लुईस आणि सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या 33 मुलांना खेळण्याकडे पाठ करून बसवलं, ‘मागे बघू नकोस’ सांगितलं आणि मोठं माणूस खोलीबाहेर गेलं. 29 मुलांनी बघितलं. बघणाऱ्यांतल्या तिसऱ्या हिश्श्याहून थोड्या जास्त मुलांनी ते कबूल केलं, तेवढ्यांनीच साफ नाकारलं, उरलेली गप्प बसली. पुढे व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी हाच डाव तीन ते सात वर्षांच्या मुलांशी खेळला. वयाच्या चौथ्या वर्षापासून पुढे, बघणारी बहुतेक मुलं ‘नाही बघितलं’ म्हणतात. पण खरी मेख त्यांच्या दुसऱ्या प्रश्नात आहे, म्हणजे मी नकळत विचारला तोच: ‘मग काय असेल ते?’ तीन ते पाच वर्षांची बहुतेक मुलं खेळण्याचं नाव फटकन सांगून मोकळी होतात. सहा-सात वर्षांची साधारण निम्मी मुलं ‘माहीत नाही’ म्हणतात किंवा मुद्दाम चुकीचं नाव घेतात.

हा फरक हेतूतला नाही, ताकदीतला आहे. ‘नाही’ म्हणायला एकच गोष्ट कळावी लागते: मला माहीत आहे ते आईला माहीत नाही. ‘माहीत नाही’ म्हणायला मात्र आणखी एक पायरी चढावी लागते: मी बघितलं नाही असं आईला वाटतंय, तर न बघणाऱ्याला जे माहीत नसतं ते मलाही माहीत नसायला हवं. ते लक्षात ठेवायचं, जिभेवर आलेला डंपर गिळायचा, आणि चेहरा कोरा ठेवायचा. तिन्ही एकदम. मधल्या टप्प्यावरचं एक मूल कांग ली यांनी सांगितलेल्या किश्शात भेटतं. त्याने आधी खेळण्यावर झाकलेल्या कापडाखाली हात घालून चाचपू द्या म्हटलं, आणि मग सांगितलं, की हाताला जांभळं लागलं, म्हणजे तो जांभळा डायनोसॉरच असणार! कारण द्यावं लागतं हे कळलंय, पण रंग हाताला लागत नाही हे घाईत राहून गेलं.

आणि हे नुसतं वयाबरोबर योगायोगाने येत नाही. 2015 मध्ये चीनमध्ये कांग ली यांच्याच गटाने खोटं न बोलणारी तीन वर्षांची मुलं निवडली, आणि इतरांच्या मनात काय चाललंय ते ओळखण्याचा सराव त्यांच्याकडून काही बैठकांत करून घेतला. खोटं बोलायला कुणीही शिकवलं नव्हतं. तरी ती मुलं खेळ जिंकण्यासाठी खोटं बोलू लागली. तेव्हा तुमची मुलगी बिघडलेली नाही, तिला तुमचं डोकं आपल्यापेक्षा वेगळं आहे हे उमगलंय. याच उमजेतून ती उद्या नावडती भेट मिळाली तरी ‘छान आहे’ म्हणेल, आणि तेव्हा तुम्हीच कौतुक कराल.

दादाला हे सगळं सांगून झालं. त्याचं उत्तर ठरलेलं: ‘माझी मुलगी कधी खोटं बोलत नाही, कारण तिला धाक आहे.’

त्याची लेक तेव्हा चौदाची. शाळेनंतर एका क्लासला जायची. जायची म्हणजे, दोन महिन्यांपूर्वीच तिने तो सोडला होता. पण रोज घरी येऊन आज कुठला धडा झाला ते सांगायची (मैत्रिणीला विचारून घ्यायची), कुणाला ओरडा बसला ते सांगायची, आणि सगळ्यात कहर म्हणजे क्लासबद्दल कुरकुर करायची. ‘बाबा, किती गृहपाठ देतात हो!’ जो कुरकुर करतो त्याच्यावर संशय कोण घेणार? डंपरवाल्याला जी दुसरी पायरी जमली नव्हती, तिच्यावर हिने अख्खा मजला चढवला होता. बाबांना काय वाटतंय, बाबा पुढे काय विचारतील, आणि विचारायच्या आधीच त्यांना काय ऐकवलं तर ते विचारणार नाहीत, एवढं सगळं तिने मांडून ठेवलं होतं. ही भावंडं एकाच जातीचं खोटं बोलली, फक्त मध्ये दहा वर्षांची तालीम होती.

हे तिने मला सांगितलं, वडिलांना नाही. मी आठवडाभर गप्प राहिले, मग तिच्यासोबत बसून तिलाच सांगायला लावलं. दादा माझ्याकडे वळून म्हणाला, ‘हे तिला शिकवलं कुणी?’

तूच, दादा. तेव्हा बोलले नाही, इथे लिहिते. 2011 मध्ये तलवार आणि ली यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांची तुलना केली. एका शाळेत छडी आणि थपडा रोजच्या, दुसरीत नाही. दोन्हीकडे तीन-चार वर्षांची मुलं आणि तोच डोकावण्याचा खेळ. मार नसलेल्या शाळेत डोकावणाऱ्यांपैकी अर्ध्याहून थोडी जास्त मुलं खोटं बोलली. मार असलेल्या शाळेत जवळजवळ सगळी. वर त्यांना ते निभावताही जास्त चांगलं येत होतं, म्हणजे दुसऱ्या प्रश्नाला ती कमी फसली. धाकाने खोटं जात नाही, ते तासून धारदार होतं. माझ्या मुलाचंच सांगते. कोपऱ्यात उभं राहिल्यानंतर काहीही विचारलं, की तो आधी दादाच्या तोंडाकडे बघायचा आणि मग उत्तर द्यायचा.

दादाची आवडती ‘लांडगा आला रे आला’ सुद्धा कामाची नाही. 2014 च्या एका प्रयोगात मुलांना खेळाआधी गोष्टी सांगितल्या. लांडग्याची गोष्ट किंवा नाक लांब होणाऱ्या पिनोकिओची गोष्ट ऐकून खरं बोलणाऱ्यांचं प्रमाण वाढलं नाही. वाढलं ते झाड तोडल्याचं कबूल करून शाबासकी मिळवणाऱ्या छोट्या वॉशिंग्टनच्या गोष्टीने. त्याच गोष्टीचा शेवट उलटा केला, म्हणजे खोटं बोलल्याचा वाईट परिणाम दाखवला, तर गोष्टीचा हा फायदा नाहीसा झाला.

किशोरवयात आणखी एक गोष्ट येते, आणि ती लोक विसरतात. मूल स्वतःची हद्द आखतं. कुणाशी मैत्री, फोनवर काय बोललो, हे त्याच्या लेखी ‘माझं’ असतं. तिथे आईवडिलांनी विचारलं आणि आपण खोटं बोललो, तर काही चुकतंय असं त्याला वाटतच नाही. आणि बहुतेक वेळा ते खोटं बोलतही नाही, अर्धंच सांगतं. स्वीडनमध्ये चौदा वर्षांच्या मुलांवर स्टॅटिन आणि केर यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की आईवडिलांना मुलांबद्दल जे माहीत असतं ते मुख्यतः मुलांनी आपण होऊन सांगितलेलं असतं. खोदून विचारण्याचा वाटा त्यापुढे लहान.

म्हणून मुलीच्या बाबतीत एकच सांगते: ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे तो प्रश्न विचारू नका. पाणी सांडताना बघितलं असेल तर ‘कुणी सांडलं?’ कशाला? ‘सांडलंय, फडकं घेऊन ये’ म्हणा. प्रश्न विचारून खोट्याला आमंत्रण आपणच देतो. मी स्वतः तेच केलं होतं आरशात बघून, हे कबूल.

आता उरलेलं. मी कुणी खोटं पकडणारी नाही. मुलांचं खोटं ओळखण्यात मोठी माणसं नाणेफेकीपेक्षा जेमतेमच बरी असतात, आणि गेल्या महिन्यात तो डंपरवाला, आता पंधराचा, मला आठवडाभर गुंडाळत होता. मला ते निव्वळ योगायोगाने कळलं. दुसरं, सगळंच खोटं वाढीचं लक्षण म्हणून सोडून देऊ नका. मोठ्या मुलाचं खोटं सततचं असेल, त्याला चोरी किंवा मारामारीची जोड असेल, तर तज्ज्ञांना दाखवा. आणि लहान मूल एकाएकी एखाद्या मोठ्या माणसाबद्दल काही लपवायला लागलं, तर ‘खोटारडी’ म्हणण्याआधी तिला गप्प राहायला कुणी सांगितलंय का ते शांतपणे बघा.

भाच्याचं मला एवढंच दिसतं: तो पुरावे ठेवतो म्हणजे त्याच्याकडे पुरावे मागितले जातात. कोण मागतं ते तुम्हाला माहीत असणार. असेल आमच्या दादासारखं कुणी, तर त्या दोन शाळांचं सांगा. मी दादाला तो लेख पाठवून दोन वर्षं झाली. निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.