आवर्तसारणीच्या फोटोवरून गण आणि संयुजेसकट तक्ता कसा करू?

पुस्तकातल्या पानाचा फोटो आहे. मूलद्रव्य, संज्ञा, अणुअंक, गण, संयुजा असे पाच कॉलम हवेत.

फोटोतून फक्त संज्ञा आणि अणुअंक उचला, गण उभ्या रांगेच्या डोक्यावरचा आकडा बघून हाताने भरा आणि संयुजा गणावरून काढा, कारण ती बहुतेक पानांवर छापलेलीच नसते. गण हाताने का, तर फोटोतली अक्षरं वाचणारं अ‍ॅप मधली रिकामी जागा गाळून टाकतं, मग Mg च्या लगेच पुढे Al येतो आणि त्याला गण 3 मिळतो, खरा गण 13. मी मुलांसाठी असे तक्ते करते, सगळ्यात जास्त चुका इथेच निघतात. Cl चं C1 होणं हेही नेहमीचंच, म्हणून संज्ञेत आकडा घुसला नाही ना हे बघा. मग अणुअंकाप्रमाणे सॉर्ट करा, एखादा आकडा गायब किंवा दोनदा आला की तीच ओळ परत फोटोशी ताडायची.

संयुजा अशी:

- गण 1, 2: गणाइतकीच
- गण 13, 14: गण वजा 10
- गण 15 ते 18: 18 वजा गण

म्हणजे सल्फर, S, 16, गण 16, संयुजा 18 − 16 = 2. हेलियम मात्र गण 18 मध्येच, संयुजा 0, इलेक्ट्रॉन दोन आहेत म्हणून गण 2 मध्ये टाकू नका.

गण 3 ते 12 ला हा नियम लावू नका, तिथे लोखंड 2 आणि 3, तांबं 1 आणि 2 असं पाठ्यपुस्तकातून बघूनच लिहावं लागतं. शिसं गण 14 मधलं असूनही त्याची नेहमीची संयुजा 2 आहे.